अठरा पूर्ण झाले, लायसन निघेल. पण गाडी एकट्याच्या हातात कधी द्यायची?

प्रश्न: माझा मुलगा पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण करतो. कॉलेज गावापासून १४ किलोमीटर. सकाळी एसटी एकच, संध्याकाळची कधी येते, कधी येत नाही. तो गाडीच्या मागे लागला आहे. त्याचे बाबा म्हणतात, एकवीसचा होऊ दे, मग पाहू. परदेशात पोरांना टप्प्याटप्प्याने लायसन देतात असं वाचलं. त्याने खरंच अपघात कमी होतात का? आणि आपल्या खेड्यात त्याचा काय उपयोग?

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी बावीस वर्षांपासून ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं तुमच्या मुलाच्याच वयाची असतात. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या घरातला वाद अठरा की एकवीस असा दिसतो. माझ्या मते अडचण दुसरीकडे आहे. मागे कोणी बसलेलं नसताना, एकट्याने गाडी चालवण्याचे पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे असतात. ते अठराव्या वर्षी येवोत की एकविसाव्या, कधीतरी येणारच. ते कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वेळी आणि किती जणांना मागे घेऊन काढायचे, हे तुम्हाला ठरवायचं आहे. टप्प्याटप्प्याचं लायसन म्हणजे हीच गोष्ट कायद्यात लिहून ठेवलेली.

आधी वयाचं पाहू. अमेरिकेत यावर खूप मोजमाप झालं आहे. तिथे १६ ते १९ वर्षांच्या चालकांचे जीवघेणे अपघात, तेवढंच अंतर चालवणाऱ्या विशीच्या पुढच्या लोकांच्या तुलनेत, जवळपास तिप्पट आहेत. पण या आकड्यात दोन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, कोवळं वय आणि नवखेपणा. त्या वेगळ्या करायच्या तर लायसन मिळून किती महिने झाले हे पाहावं लागतं. नॉर्थ कॅरोलायना राज्यात असं पाहिलं गेलं. एकट्याने चालवायला लागल्याच्या पहिल्या महिन्यात अपघाताची शक्यता वर्षभर चालवून झाल्यानंतरच्या मानाने दीडपट आढळली आणि दोन वर्षांनंतरच्या मानाने जवळपास दुप्पट. घट सगळ्यात वेगाने होते ती सुरुवातीच्या महिन्यांत. एवढ्या थोड्या दिवसांत कोणाचं वय वाढत नाही. वाढते ती रस्ता ओळखण्याची सवय.

वयाला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. उशिरा सुरू करणाऱ्यांच्याही पहिल्या महिन्यांत अपघात जास्त असतात, पण तो चढ थोडा कमी उंच असतो. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो, हे डॉक्टरही सांगतात. त्यामुळे तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदी चूक नाही. फक्त नुसतं थांबल्याने पदरात पडतं ते थोडंच. अमेरिकेत २०११ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या राज्यांत टप्प्यांचे नियम कडक होते तिथे सोळा वर्षांच्या चालकांचे जीवघेणे अपघात सुमारे २६ टक्क्यांनी कमी दिसले, पण अठरा वर्षांच्यांचे सुमारे १२ टक्क्यांनी जास्त. याचं एक कारण असं सांगितलं जातं की तिथल्या बऱ्याच राज्यांत हे टप्पे अठराच्या आतल्यांनाच लागू होतात. म्हणून कित्येक पोरं अठरापर्यंत थांबली आणि सरावाशिवाय थेट रस्त्यावर आली. न्यू जर्सी राज्याने हे टप्पे एकविसाच्या आतल्या प्रत्येक नव्या चालकाला लावले आहेत. मला ते जास्त पटतं. एकवीसपर्यंत गाडीला हात लावू न देता एकविसाव्या वाढदिवशी किल्ली दिली, तर तो तितकाच नवखा असेल, फक्त मिशी जास्त दाट असेल.

आता नवखेपणा म्हणजे नेमकं काय? आपल्याला वाटतं, पोरं वेडीवाकडी, भन्नाट चालवतात म्हणून पडतात. काही पडतातही. पण तरुण चालकांच्या दोन हजारांवर अपघातांच्या नोंदी तपासून संशोधकांनी जे काढलं ते माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळतं. बहुतेक वेळा पोरगा कर्तब करत नव्हता. पाहायला हवं तिथे त्याने पाहिलं नाही, समोरच्या परिस्थितीला वेग जास्त होता किंवा लक्ष दुसरीकडे होतं. गाडी तोलायला पोरगं दोन दिवसांत शिकतं. आठचा आकडा आठवड्यात काढतं. पण वावराच्या वाटेवर धूळ उडताना दिसली म्हणजे आता डांबरी रस्त्यावर बंडी किंवा ट्रॅक्टर येणार, थांबलेल्या एसटीमागून म्हातारं माणूस रस्ता ओलांडायला निघणार, एक रोही आडवा गेला की मागून दुसरा येणार, हे डोळ्यांना शिकायला महिने लागतात. आपली परीक्षा आठच्या आकड्यावर होते. या दुसऱ्या गोष्टीची परीक्षा रस्ताच घेतो.

या कच्च्या नजरेवर दोन गोष्टींचा भार पडला की धोका एकदम वाढतो, सोबतच्या दोस्तांचा आणि अंधाराचा. दोस्तांचा परिणाम तर आकड्यांत स्वच्छ दिसतो. अमेरिकेत सोळा-सतरा वर्षांच्या चालकासोबत एकवीसच्या आतला एक जण बसला तर चालकाच्या मृत्यूचा धोका तो एकटा असतानाच्या मानाने ४४ टक्क्यांनी वाढतो, दोन बसले तर दुप्पट होतो, तीन किंवा जास्त बसले तर चौपट. आणि पस्तीस किंवा त्याहून मोठ्या वयाचं माणूस सोबत असेल तर धोका ६२ टक्क्यांनी कमी होतो. पोरगा तोच, गाडी तशीच. सोबत कोण आहे यावर एवढा फरक पडतो. हे आकडे मोटारींचे आहेत हे लक्षात ठेवा. दुचाकीवर मागच्याचं वजनही भर घालतं, ब्रेक लागायला जास्त जागा लागते, वळणावर तोल बदलतो. त्यामुळे आपल्याकडे दोस्ताचा भार याहून हलका असेल असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

टप्प्याटप्प्याचं लायसन या दोन भारांभोवतीच रचलेलं आहे. न्यूझीलंडने १९८७ मध्ये ते पहिल्यांदा पूर्ण स्वरूपात आणलं. पहिल्या टप्प्यात शिकाऊ, सोबत अनुभवी माणूस हवाच. दुसऱ्या टप्प्यात एकट्याने चालवा, पण रात्री दहा ते पहाटे पाच नाही आणि सोबत कोणाला घ्यायचं नाही. तिसऱ्यात पूर्ण लायसन. नंतर अमेरिकेतली राज्यं, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांनी आपापल्या परीने ते घेतलं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात एकवीसच्या आतल्या शिकाऊला १२० तासांचा सराव वहीत नोंदवून दाखवावा लागतो.

फायदा होतो का? होतो. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा सोळा वर्षांच्या चालकांचे अपघात साधारण १५ टक्क्यांनी घटलेले दिसले. जिथे रात्रीचे आणि सोबत्यांचे नियम कडक आहेत तिथे तरुणांचे जीवघेणे अपघात ढिल्या नियमांच्या राज्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आहेत. न्यूझीलंडमध्ये हे नियम आल्यावर मोटारसायकल अपघातात दवाखान्यात भरती होणारी १५ ते १९ वयाची पोरंही साधारण पाचव्या हिश्श्याने घटली, ही आपल्या कामाची गोष्ट. मात्र त्यामागचं मुख्य कारण नीट समजून घ्या. पोरं जास्त चांगली चालवायला लागली म्हणून ही घट झाली असं नाही. ती धोक्याच्या वेळी रस्त्यावर कमी आली, म्हणून झाली.

माझ्यासारख्या शिकवणाऱ्याला हे ऐकायला जड जातं, पण खरं आहे. नुसत्या शिकवणीवर्गाने नव्या चालकांचे अपघात कमी होतात असं कुठे ठामपणे दिसलेलं नाही. नॉर्वेत निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं खास प्रशिक्षण दिलं, तर तरुण पुरुषांचे निसरड्यावरचे अपघात वाढले. आपल्याला जमतं असं वाटलं की माणूस वेग कमी करत नाही. म्हणून गाडी सावरण्याच्या युक्त्या मी आता फार शिकवत नाही. आधी कुठे पाहायचं ते शिकवतो.

आता आपला कायदा. अठरा पूर्ण झाले की लर्निंग निघतं, ते सहा महिने चालतं. तीस दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते. लर्निंगवर गाडीला पुढे-मागे लाल एल लावायचा आणि शिकवणारा पक्क्या लायसनचा माणूस सोडून कोणाला मागे बसवायचं नाही, असा नियम आहे. म्हणजे पहिला टप्पा आपल्याकडेही आहे. मधला मात्र नाही. एकतिसाव्या दिवशी पास झालेला पोरगा त्याच रात्री दोस्ताला मागे घेऊन, हव्या त्या ताकदीच्या मोटारसायकलवर यवतमाळला जाऊ शकतो आणि कायद्याने त्यात काही गैर नाही. हा मधला टप्पा घरालाच आखावा लागतो.

मी हे पुस्तक वाचून शिकलो नाही. बरीच वर्षं झाली, माझ्याकडे एक पोरगा होता. हात इतका सफाईदार की इतरांना त्याचा आठचा आकडा दाखवायचो. पहिल्या फटक्यात पास झाला. एकोणिसाव्या दिवशी शेजारच्या गावी हळदीला गेला आणि रात्री साडेदहाला दोन दोस्तांना मागे घेऊन निघाला. कापसाची भरलेली ट्रॉली टायर बसल्यामुळे रस्त्यातच उभी होती. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. पोरगा वाचला, पायात रॉड आहे. मागच्या दोघांतला एक गेला. पिलेला कोणीच नव्हता. मी घटनास्थळी गेलो तेव्हा पोलीस पाटील म्हणाले, ‘मास्तर, ब्रेकची खूण ट्रॉलीच्या अगदी जवळून सुरू झाली जी.’ त्याला ट्रॉली दिसली तेव्हा उशीर झाला होता.

त्या खुणेचा हिशोब मी तेव्हापासून प्रत्येक पोराला जमिनीवर पावलं टाकून दाखवतो. दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरा, रस्ता कोरडा, ब्रेक साधारण बरे. ताशी ४० च्या वेगाने गाडी थांबायला एकूण साधारण ३० मीटर लागतात. ६० ने जात असाल तर ५० मीटरच्या वर. आमच्याकडच्या रस्त्यावर डिपरच्या उजेडात धुळीने माखलेली, बिनारिफ्लेक्टरची ट्रॉली तीस-चाळीस मीटरवर आल्याशिवाय ओळखू येत नाही, आणि समोरून एखादा लख्ख दिव्यांचा ट्रक आला तर तेवढंही नाही. म्हणजे चाळीसचा पोरगा कसाबसा थांबेल. साठचा थांबणार नाही. आणि चाळीसवाला जिथे पूर्ण थांबला असता, त्या जागेवर साठवाल्याचा वेग अजून ५५ च्या आसपास असतो, कारण त्याचा ब्रेक नुकताच कुठे लागलेला असतो. हे पावलांनी मोजून दाखवलं की पोरं गप्प होतात. तोंडी सांगितलं तर मान डोलावतात.

आता तुमच्याकडे काय करता येईल ते एका घराच्या उदाहरणाने सांगतो, कारण त्यांची गोष्ट तुमच्यासारखीच होती. दारव्ह्याकडचं १२ किलोमीटरवरचं गाव, वडील शेतकरी, घरात जुनी १०० सीसीची गाडी.

अठरा पूर्ण व्हायच्या आधी पोरगा रिकाम्या वावरात आणि खळ्यावर गाडी तोलायला, क्लच सोडायला, दोन्ही ब्रेक एकत्र दाबायला शिकला. लायसनची अट सार्वजनिक ठिकाणासाठी आहे, स्वतःच्या वावरासाठी नाही. रस्त्यावर मात्र त्याला वडिलांनी एक फर्लांगही जाऊ दिलं नाही. तुमच्याकडे हा एकच महिना उरला आहे, तेवढा सांभाळा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अठराच्या आतल्याने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही.

लर्निंग जूनच्या शेवटी निघालं. पोरगा तीस दिवस मोजत होता. वडिलांना मी म्हटलं, लर्निंगचे सहा महिने आहेत, ते पूर्ण वापरा, पक्क्याची घाई करू नका. मुदत संपायच्या आत परीक्षा दिली म्हणजे झालं. शेतीची कामं सांभाळून वडील आठवड्यातून साधारण तीन दिवस मागे बसून कॉलेजपर्यंत जायचे आणि परत यायचे. डिसेंबरपर्यंत अशा सत्तरेक फेऱ्या झाल्या, म्हणजे साधारण पन्नास तास. व्हिक्टोरियाच्या १२० तासांपुढे हे कमीच, पण आमच्याकडे बहुतेक पोरं पाच तासही सोबतीने चालवत नाहीत.

मागे बसून करायचं काय, हा वडिलांचा पहिला प्रश्न होता. ‘मले का समजते त्यात,’ म्हणाले. त्यांना मी एकच काम दिलं. रस्त्यावर काही धोक्याचं दिसलं, बंडी, जनावर, फाट्यावरची गाडी, की पोराच्या खांद्यावर थाप मारायची. थाप पडायच्या आधीच पोराने ॲक्सिलरेटर सोडला असेल तर पोराने आधी पाहिलं. थाप पडल्यावर सोडला तर वडिलांनी आधी पाहिलं. घरी येऊन वहीत दोन रकाने भरायचे, ‘त्याने’ आणि ‘मी’. जुलैत वडिलांचा रकाना भरून वाहत होता, एका फेरीत आठ-दहा खुणा. सप्टेंबरच्या सुमारास दोन्ही सारखे झाले. दिवाळीनंतर वडिलांचा रकाना बऱ्याच दिवशी कोरा राहायला लागला. मागे बसणाऱ्याला मोटारीचं काही कळत नसलं तरी चालतं. ज्याची नजर त्या रस्त्यावर वीस वर्षं मुरली आहे तो कोणीही बसू शकतो. लायसन मात्र हवं.

त्या वहीत रस्ताही उमटला. जुलै-ऑगस्टमध्ये वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर पडते आणि पावसाच्या सरीनंतर साबणासारखी होते. दोनदा मागचं चाक सरकलं, दोन्ही वेळा वळणावर. ऑक्टोबरमध्ये लोक अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतात, त्या दाण्यांवर ब्रेक मारला तर गाडी थांबत नाही. नोव्हेंबरपासून कापसाच्या गाड्या. सहा महिने लर्निंग वापरायचा फायदा असा की यातला बराचसा हंगाम पोराने वडील मागे असताना पाहिला. तीस दिवसांत त्याला फक्त चिखल दिसला असता.

शेवटच्या महिन्यात आठ-दहा फेऱ्या मुद्दाम दिवेलागणीनंतरच्या केल्या, वेग चाळीसच्या आत, वडील मागे. एकट्याने अंधारात जायची परवानगी देण्यासाठी नव्हे. कधी अडला तर त्याला अंधार अगदी नवा नसावा, एवढ्यासाठी.

डिसेंबरात पक्कं झालं. मग घरचा मधला टप्पा सुरू झाला. पहिले सहा महिने एकट्याने, फक्त कॉलेजच्या रस्त्यावर, दिवे लागायच्या आत घरी, मागे कोणी नाही. कॉलेज उशिरा सुटलं तर गाडी तिथे ओळखीच्या दुकानासमोर लावून एसटीने किंवा काळीपिवळीने यायचं, नाहीतर वडिलांना फोन करायचा आणि वडिलांनी न रागावता आणायला जायचं. ही शेवटची अट मी वडिलांकडून कबूल करून घेतो. फोन केल्यावर बोलणी खावी लागली तर पुढच्या वेळी पोरगा फोन करत नाही, अंधारात निघतो. पुढच्या सहा महिन्यांत घरचं एक माणूस मागे चाललं, आई किंवा बहीण, आणि रात्री आठपर्यंत मुभा. दोस्त आणि मोठा हायवे वर्षभरानंतर.

सगळं सरळ झालं नाही. फेब्रुवारीत त्याने दोस्ताला मागे घेतलं, गावातल्या माणसाने पाहून सांगितलं. आधी ठरल्याप्रमाणे आईने आठ दिवस किल्ली काढून घेतली. ओरडाआरडा झाला नाही, कारण शिक्षा आधीच वहीत लिहिलेली होती. अमेरिकेत पालक आणि पोर यांच्यात असा लेखी करार करून घेण्याचे प्रयोग झाले आहेत. लिहून घेतलेल्या घरांत निर्बंध जास्त कडक राहिले आणि जास्त काळ टिकले, असं दिसलं. मला वाटतं मोठा फायदा पोराला होतो. दोस्त ‘बसू दे ना बे’ म्हणाला की त्याला ‘घरी किल्ली जाते’ असं सांगता येतं. भित्रा ठरायची वेळ येत नाही.

सगळ्यात कठीण महिना मे, लग्नसराईचा. हळद, वरात, रात्रीचं जेवण, आणि प्रत्येक वेळी ‘आज एका दिवसापुरतं’. माझं म्हणणं आहे की सवलत द्यायचीच तर रस्त्याला द्या, वेळेला देऊ नका. पेरणीच्या दिवसांत बियाणं आणायला दुसऱ्या गावी दिवसा पाठवलं तर मला फार काळजी वाटत नाही. अमेरिकेतही शेतीच्या मुलखात अशा सवलती आहेत. कॅन्ससमध्ये शेतकऱ्याच्या चौदा वर्षांच्या पोराला शेतीकामासाठी मर्यादित परवाना मिळतो, कारण तिथेही बस नाही आणि काम थांबत नाही. गरजेपुरती सूट द्यावी लागते हे जगभर मान्य आहे. हळदीहून रात्री अकराला परतणं ही मात्र गाडीची गरज नाही, तिथे वडिलांनी आणायला जावं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. तुमच्या १४ किलोमीटरमध्ये राज्य महामार्गाचा तुकडा असेल आणि त्यावर ट्रक साठ-सत्तरने जात असतील, तर चाळीसचा पोरगा तिथे अडथळा ठरतो. मग गावातून जाणारा दुसरा रस्ता दोन-तीन किलोमीटर लांब पडला तरी तो घ्या, नाहीतर पहिले सहा महिने फाट्यापर्यंत गाडी आणि पुढे एसटी. यजमानांचं स्वतःचं पक्कं लायसन नसेल तर मागे बसायला मामा, काका कोणीतरी शोधावं लागेल. आणि मुलगा मुळातच उतावळा असेल, सायकलवरही दहादा पडलेला असेल, तर वर्षभर उशीर करायला माझी हरकत नाही. फक्त त्या वर्षात त्याला तुमच्या मागे बसवून रस्ता वाचायला शिकवा. ‘काय दिसतं ते बोल’ म्हणायचं आणि त्याने बोलत जायचं. यात त्याच्या हातात गाडी नसते, पण नजर तयार होते.

गाडी १०० ते ११० सीसीचीच घ्या. हल्ली या गाड्यांना एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना लागण्याची सोय असते, नवख्याला ती उपयोगी पडते. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, पट्टा हनुवटीखाली बंद केलेलं. हेल्मेटने मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक अभ्यास एकत्र पाहून काढलेले आकडे आहेत. मागे बसणाऱ्या वडिलांनाही ते हवं. बाप बिनहेल्मेटचा बसला तर पोरगा कॉलेजच्या फाट्यावर हेल्मेट काढून हँडलला अडकवतो, हे मी रोज पाहतो.

थोडक्यात तुमच्या यजमानांना असं सांगून पाहा. अठराला लर्निंग काढू, पण एकट्याने सोडणार नाही. सहा महिने तुम्ही मागे बसा, थाप मारा, वही भरा. तुमचा रकाना सलग पंधरा-वीस फेऱ्या जवळपास कोरा राहिला तर पक्कं काढू, नाहीतर लर्निंग पुन्हा काढू. पक्कं झाल्यावर सहा महिने दिवसाउजेडी, एकटा, एकच रस्ता. असं केलं तर अंधार आणि दोस्त यांची सूट मिळेपर्यंत तो एकोणीस ओलांडून वीसच्या उंबरठ्यावर असेल. त्यांच्या एकवीसपासून ते फार लांब नाही, आणि तोवर त्याच्या हाताखालून वर्षभराहून जास्त रस्ता गेलेला असेल.

लर्निंगचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. तालुक्याला आरटीओचं शिबिर कोणत्या तारखांना लागतं ते आधी विचारून घ्या, आणि पक्क्याची तारीख घेताना मुदतीच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. एखादं शिबिर रद्द झालं तर लर्निंग संपतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. पाचव्या महिन्याच्या शेवटाची तारीख मला सोयीची वाटते.